युनिट घटले की ऊन घटलं? एएमसीवर सही करण्याआधी

"आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर ५० किलोवॉटचा सोलर प्लांट आहे. ५५५ वॅटचे ९० पॅनल, १५-१५ पॅनलच्या ६ स्ट्रिंग, इन्व्हर्टर एकच. बसवणाऱ्यांची तीन वर्षांची मोफत देखभाल आता संपतेय. गेल्या महिन्यात ५,४०० युनिट झाले. मागच्या वर्षी याच महिन्यात ६,४३५ झाले होते. त्यांचा माणूस म्हणतो, ढगाळ हवा होती. प्रत्येक भेटीच्या अहवालात सगळ्या रकान्यांत 'ओके' लिहिलेलं असतं. वार्षिक देखभालीसाठी दोन कोटेशन आलीत. एकात महिन्यातून दोनदा पॅनल धुणं आणि तीन महिन्यांनी तपासणी. दुसरं बरंच महाग. त्यात धुणं कमी, पण टेस्टिंग पुष्कळ लिहिलंय. मी हिशेब सांभाळणारा माणूस, वायरिंगमधलं मला कळत नाही. कोणतं घ्यावं? आणि काम नीट होतंय हे कसं ओळखावं?"
— वसतिगृहाचे व्यवस्थापक

नमस्कार,

हिशेब सांभाळता ना, मग अर्धं काम झालं. सोलरच्या देखभालीत फसवणूक होते ती बहुतेक आकड्यांच्या अभावी, वायरिंग न कळल्यामुळे नव्हे. आधी त्या हजारभर युनिटांचा छडा लावू. तो लावताना एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, काय हवं हे आपोआप कळत जाईल.

ढगांचं कारण खोटंच असेल असं नाही, पण ते मोजता येतं. एखाद्या ठिकाणी महिनाभरात किती ऊन पडलं याचे उपग्रहावरून काढलेले आकडे फुकट मिळतात. नासाच्या 'पॉवर' या संकेतस्थळावर गच्चीचे अक्षांश-रेखांश टाकले की रोजचे आकडे येतात. सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर किती युनिट ऊन पडलं, असा तो आकडा असतो. तुमच्या गावाचे आकडे तुम्ही काढालच. इथे समजा, त्या महिन्यातल्या सगळ्या दिवसांची बेरीज मागच्या वर्षी १६५ होती आणि यंदा १५०. तर त्याच प्लांटने यंदा ६,४३५ गुणिले १५०, भागिले १६५, म्हणजे ५,८५० युनिट द्यायला हवे होते. म्हणजे १,०३५ युनिटांच्या घटीपैकी ५८५ खरोखर ढगांची, आणि ४५० ढगांच्या नावावर खपवलेली. पॅनल दरवर्षी साधारण अर्धा ते पाऊण टक्का मंदावतात, त्याचे चाळीसेक युनिट सोडून द्या. उरलेल्या ४१० युनिटांचा जाब कुणीतरी द्यायला हवा.

उपग्रहाचा आकडा दोन-चार टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, त्यामुळे एवढ्यावरच कुणाला दोषी धरू नका. आता इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये गेल्या महिन्याचा रोजच्या युनिटांचा आलेख उघडा आणि फक्त स्वच्छ उन्हाचे दिवस बघा. ढगाळ दिवस काहीच सांगत नाहीत. त्या चांगल्या दिवसांचे खांब हळूहळू खाली उतरत गेले असतील, तर धूळ बसत गेली आहे. अमुक तारखेपर्यंत उंच आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बुटके, अशी पायरी दिसली तर काहीतरी तुटलं आहे. तुमच्याकडे सहा स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या सहा माळा आहेत, त्यामुळे एक बंद पडली की युनिटांचा सहावा हिस्सा जातो. ५,८५० चा सहावा हिस्सा ९७५. आपले हरवलेले ४१० म्हणजे त्याच्या साधारण चाळीस टक्के, म्हणजे बारा-तेरा दिवस. थोडक्यात, सतरा-अठरा तारखेच्या सुमारास पायरी दिसली आणि तिची उंची सहाव्या हिश्शाएवढी असली, तर एक अख्खी स्ट्रिंग तेव्हापासून मेलेली आहे आणि बहुधा आजही मेलेलीच आहे.

मग इन्व्हर्टरने आरडाओरडा का केला नाही? कारण बऱ्याच इन्व्हर्टरना आपल्याला किती स्ट्रिंग जोडल्या आहेत हे ठाऊकच नसतं. तीन इनपुट असतील आणि प्रत्येकाला दोन स्ट्रिंग जोडलेल्या असतील, तर एक तुटल्यावर त्या इनपुटचा करंट निम्मा होतो एवढंच. व्होल्टेज जवळजवळ तेवढंच राहतं, दिवा हिरवाच असतो, ॲपवर 'नॉर्मल' असतं. हे तुम्हाला कुणाच्या पाया न पडता पडताळता येतं: स्वच्छ उन्हात दुपारी बाराच्या सुमारास ॲपमध्ये एमपीपीटी-१, २, ३ अशा नावांनी दिसणाऱ्या या इनपुटांचे करंट बघा. दोन ठिकाणी एकवीस ॲम्पिअर आणि तिसरीकडे साडेदहा दिसले, तर चोर सापडला. गच्चीवर जाऊन कनेक्टर हलवून बघायचा मोह मात्र टाळा. पॅनलकडची डीसी बाजू उन्हात कायम जिवंत असते, आणि करंट चालू असताना कनेक्टर ओढला तर जो जाळ पेटतो तो एसीसारखा आपोआप विझत नाही.

आता कोटेशनकडे येऊ. मघाची पायरी कुणी बघायला हवी होती? जो देखभालीचे पैसे घेतो त्याने, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिल्या कोटेशनमध्ये रोज ॲप बघायची जबाबदारी कुणाची, हे लिहिलंय का ते तपासा. नसेल, तर तुम्ही पॅनल धुणारा माणूस लावताय, देखभाल नव्हे. धुण्याला मी कमी लेखत नाही, पण तो एएमसीचा सर्वात दिसणारा आणि सर्वात सोपा भाग आहे, म्हणून कोटेशनमध्ये तोच ठळक असतो.

तपासणीत काय हवं, तर सर्वात आधी स्ट्रिंगनिहाय मोजमाप. दर तिमाहीला सहाही स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे स्ट्रिंग सोडवून ठेवलेली असतानाचं व्होल्टेज, आणि चालू करंट, आकड्यांत, मोजण्याच्या वेळेसह, आणि त्या क्षणी ऊन किती होतं याच्या नोंदीसह. करंटसाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. साधा एसीचा क्लॅम्प घेऊन आलेला माणूस इथे काहीच मोजू शकत नाही. एकाच दिशेला, एकाच उतारावर असलेल्या स्ट्रिंग पाच-दहा मिनिटांत पाठोपाठ मोजल्या तर त्यांचे करंट एकमेकांच्या चार-पाच टक्क्यांत बसायला हवेत. एखादीवर टाकीची किंवा कठड्याची सावली येत असेल तर ती वेगळी दिसेल, पण मग ती दर वेळी तशीच दिसेल.

व्होल्टेजचा आकडा फार बोलका असतो. तुमच्या जातीच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज थंड असताना पन्नासच्या आसपास असतं, म्हणजे पंधरांच्या स्ट्रिंगला साडेसातशे. उन्हात पॅनल साठ अंशांपर्यंत तापले की तेच ६८० च्या जवळ येतं. प्रत्येक पॅनलचे आतून तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक बायपास डायोड, जो अडलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेतो. तो डायोड शॉर्ट झाला की पॅनलचा एक तृतीयांश भाग गेला आणि स्ट्रिंगचं व्होल्टेज पंधराएक व्होल्टने उतरलं. पाच स्ट्रिंग ६८० दाखवताहेत आणि सहावी ६६५, हे अहवालात आकडे असतील तरच दिसतं. 'व्होल्टेज: ओके' यात ते कायमचं पुरलं जातं.

याच गुणामुळे खोटा अहवालही पकडता येतो. व्होल्टेज तापमानाबरोबर अंशाला पाव टक्क्याहून थोडं जास्त बदलतं. थंडीतल्या आणि कडक उन्हाळ्यातल्या भेटीत पॅनलच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे तुमच्या स्ट्रिंगमध्ये तीस-चाळीस व्होल्टचा. दोन्ही अहवालांत सहाही स्ट्रिंगचे आकडे तेच असतील, तर दुसऱ्या वेळी मीटर बॅगेतून बाहेर आलाच नव्हता. जुने तीन वर्षांचे अहवाल एकदा या नजरेने चाळा. (रकान्यात 'ओके' असेल तर चाळण्यासारखंही काही नाही, म्हणा.)

दुसरी गोष्ट इन्सुलेशनची. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाचे दिवस सरल्यावर, प्रत्येक स्ट्रिंगचा मेगर घेतला पाहिजे, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजला पाहिजे. तुमच्या स्ट्रिंगचं व्होल्टेज ५०० च्या वर आहे, तेव्हा चाचणी १,००० व्होल्टवर होते आणि रोध किमान १ मेगाओम हवा. आयईसी ६२४४६ या आंतरराष्ट्रीय मानकात हे दिलेलं आहे. करारात मानकाचा क्रमांक लिहून घ्या, म्हणजे मेगरच्या नावाखाली मल्टिमीटर लावला जाणार नाही. चाचणीआधी इन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर बाजूला काढावे लागतात, नाहीतर आकडा चुकतो आणि उपकरणही जाऊ शकतं. त्यामुळे काम करणाऱ्याला "मेगर घेताना काय काय सोडवता?" एवढं विचारलंत तरी त्याने कधी घेतलाय की नाही हे उत्तरावरून कळेल.

इन्सुलेशन ढासळल्याची खूण तुम्हालाही दिसू शकते. इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्यापूर्वी स्वतः ही तपासणी करतो. पावसानंतरच्या किंवा दव पडलेल्या सकाळी तो 'आयसोलेशन फॉल्ट' दाखवत अडून बसतो, दहा-अकराला केबल वाळली की मुकाट्याने चालू होतो, आणि फोन केल्यावर उत्तर मिळतं, "साहेब, आपोआप गेला ना?" गेला नाही, ऊन आलं म्हणून लपला. कुठेतरी ट्रेच्या धारेवर केबल सोलवटली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय. अशा तक्रारीवर 'रीसेट केले' ही नोंद मान्य करू नका. कोणती स्ट्रिंग आणि कोणती जागा, हे लिहूनच तक्रार बंद व्हायला हवी.

तिसरी म्हणजे थर्मल कॅमेऱ्याची तपासणी, वर्षातून एकदा. महागड्या कोटेशनमध्ये ती बहुतेक असेल. पण तिच्यातही हातचलाखी चालते. चित्र घेताना पॅनलवर चौरस मीटरमागे किमान ६०० वॅट ऊन हवं आणि प्लांट चालू हवा; सकाळी आठला किंवा ढगाखाली काढलेली रंगीत चित्रं शोभेची. नीट काढलेल्या चित्रात एखादीच सेल लालबुंद दिसली तर तिथे पक्ष्याची विष्ठा, चिकटलेलं पान किंवा तडा आहे. पॅनलचा एक तृतीयांश पट्टा तापलेला असेल तर बायपास डायोडकडे बोट जातं. आणि एक अख्खी स्ट्रिंग शेजारणींपेक्षा दोन-चार अंश गरम असेल, तर ती बंद आहे: तिच्यातली वीज बाहेर काढलीच जात नाही, म्हणून तेवढी ऊर्जा उष्णता होऊन तिथेच साठते. तुमची हरवलेली स्ट्रिंग अशीही सापडली असती.

कॅमेरा आणलाच आहे तर तो पॅनलवरच फिरवून परत नेऊ देऊ नका. डीसी बॉक्समधले टर्मिनल, इन्व्हर्टरखालचे कनेक्टर आणि एसी ब्रेकरच्या केबलची टोकं, आग लागते ती इथे. विशेषतः दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-फोर कनेक्टर एकमेकांत बसवलेले असतात. 'टक' असा आवाज होतो, घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण आतल्या धातूची मापं तंतोतंत जुळत नाहीत. वर्षा-दोन वर्षांत संपर्क सैल पडतो, तापतो आणि प्लास्टिक वितळतं. प्लांट बसवताना केबल कमी पडली की जोड देताना हे हमखास होतं. पहिल्याच भेटीत असे सगळे जोड शोधून, फोटो काढून, एकाच कंपनीच्या जोडीने बदलून घ्या. माझ्या मते एएमसीतलं याहून मोलाचं एक दिवसाचं काम नाही.

बाकीचं थोडक्यात: अर्थिंगचा रोध वर्षातून एकदा ओहममध्ये मोजून, सर्ज प्रोटेक्टरची खिडकी हिरवी की लाल याची नोंद, स्ट्रक्चरचे नटबोल्ट, इन्व्हर्टरचे पंखे आणि जाळी साफ करणं. जाळी तुंबली की इन्व्हर्टर तापतो आणि स्वतःला वाचवायला दुपारच्या ऐन उन्हात उत्पादन आवरतं घेतो. स्वच्छ दिवसाच्या आलेखाचा डोंगरमाथा कापल्यासारखा सपाट दिसतो. मात्र इन्व्हर्टर पॅनलपेक्षा कमी क्षमतेचा घेतला असेल तरीही माथा सपाटच दिसतो. पहिल्या वर्षीचा असाच स्वच्छ दिवस काढून ताडून बघा: तेव्हाही त्याच उंचीवर सपाट होता तर तो दोष नव्हे.

धुण्याचं म्हणाल, तर 'महिन्यातून दोनदा' हा आकडा गच्ची न बघता लिहिलेला असतो. किती वेळा धुवायचं हे तुमची गच्ची सांगेल. एका सकाळी फक्त एक स्ट्रिंग धुवायला लावा आणि त्याच दुपारी तिचा करंट न धुतलेल्या शेजारणीशी ताडून बघा, दोघींत आदल्या दुपारी असलेला फरक वजा करून. फरक एक टक्का असेल तर पाणी आणि मजुरी वाया जाते आहे; पाच असेल तर उशीर झाला. तीनच्या आसपास धुवायचं, असं ठरवलंत तर चालेल. पॅनल कमी उताराचे असतील तर खालच्या कडेला चिखलाची रेघ साचते. वरून पॅनल लख्ख दिसतो आणि तळातली सेलची ओळ मात्र झाकलेली असते, तेवढी हाताने पुसून घ्यायला सांगा. धुणं सकाळी लवकर, पॅनल गार असताना. पाणी क्षाराचं नको, नाहीतर पांढरे डाग काचेवर बसतात आणि मग ते धुळीपेक्षा चिवट ठरतात. आणि धुणारा पॅनलवर पाय देऊन चालत असेल तर त्याच क्षणी थांबवा. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला केसासारखे तडे जातात आणि ते दोन वर्षांनी युनिटांत दिसतात.

करार वाचताना तीन ठिकाणी थांबा. पहिलं, 'प्रतिसाद २४ तासांत' म्हणजे फोन उचलणं की माणूस येणं की प्लांट सुरू होणं? सुरू होण्याची मुदत वेगळी लिहून घ्या. इन्व्हर्टर बिघडून उत्पादकाकडे गेला तर तोवर पर्यायी मिळणार का, वॉरंटीचा पाठपुरावा कोण करणार, हेही. इन्व्हर्टर आणि पॅनलची उत्पादकाची वॉरंटी अजून चालू असेल. 'सर्वसमावेशक' एएमसीत त्याच गोष्टींचे पुन्हा पैसे लावलेले नाहीत ना, हे तुमच्यातला हिशेबनीस बरोबर शोधेल.

दुसरं, हमी कशाची? 'प्लांट ९९ टक्के वेळ चालू राहील' ही हमी तुमच्या मेलेल्या स्ट्रिंगनेही मोडत नाही, कारण इन्व्हर्टर चालूच होता. 'वर्षाला अमुक युनिट' ही हमी ढगाळ वर्षी भांडणाला कारण होते. हमी मागायची ती परफॉर्मन्स रेशोची: किलोवॉट आणि त्या काळात पडलेलं ऊन यांचा गुणाकार करायचा आणि झालेल्या युनिटांना त्याने भागायचं. आपल्याच उदाहरणात, प्लांट ४९.९५ किलोवॉटचा धरून, मागच्या वर्षी हा आकडा ७८ टक्के येतो आणि यंदा ७२. ऊन कमी-जास्त झालं तरी हा फारसा हलत नाही, म्हणून सबबीला जागा उरत नाही. (काटेकोर हिशेबात पॅनलच्या तिरप्या पृष्ठभागावरचं ऊन धरतात, स्वतःशीच वर्षागणिक तुलना करायला सपाट जमिनीचा आकडा पुरतो.) उन्हाचा आकडा कुठून घ्यायचा हे करारात आधीच ठरवा, आणि रेशो घसरला तर तिमाहीच्या बिलातून किती कापायचं हेही.

तिसरं, मॉनिटरिंगचं खातं कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच ठिकाणी मालकाला फक्त बघायची मुभा असते आणि मुख्य खातं बसवणाऱ्याकडे राहतं. त्याच्याशी करार संपला की तीन वर्षांचे आकडे त्याच्याकडेच. मोफत देखभाल संपायच्या आत, म्हणजे या आठवड्यात, मुख्य अधिकार तुमच्या नावावर करून घ्या आणि रोजच्या युनिटांची फाइल उतरवून ठेवा. त्यांच्याकडून मेलेली स्ट्रिंगही याच मुदतीत दुरुस्त करून घ्या. नंतर तोच बिघाड तुमच्या खर्चाचा.

आता कोटेशन. आहे तसं पहिलं घेऊ नका. दुसऱ्याला बोलवा आणि त्याच्या टेस्टिंगच्या यादीपुढे प्रत्येक चाचणी वर्षातून किती वेळा, कोणत्या उपकरणाने आणि आकडे कोणत्या तक्त्यात देणार, हे लिहून मागा. दुसऱ्या एखाद्या गच्चीचा भरलेला जुना अहवाल, मालकाचं नाव झाकून, दाखवायला सांगा. आकड्यांनी भरलेला असेल तर किमतीवर बोला: थर्मल तपासणी आणि मेगर वर्षातून एकदाच पुरतात, तिमाहीला लावले असतील तर ते कमी करून पैसे उतरवता येतील. धुणं तुमच्याच माणसांकडून शिकवून करून घेतलंत तर आणखी उतरतील. आणि सही करण्यापूर्वी दोघांनी मिळून एक संयुक्त पाहणी करा, सहाही स्ट्रिंगचे आकडे त्या दिवशीच्या उन्हासह लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. पुढच्या वर्षी "हे आधीपासूनच असं होतं" असं कुणी म्हणालं, की तो कागद काढायचा.

पहिल्या कोटेशनवाल्यालाही हीच यादी पाठवून बघा. तो तेवढ्यात, त्याच भावात करायला लगेच तयार झाला, तर त्याच्याकडे डीसी क्लॅम्प आणि मेगर आहे का, हे फोटोवर नाही, समोर ठेवून बघा.